अनोळखी नंबर उचलायचा, पण आपल्या अटीवर

"अनोळखी नंबर उचलू नका." हा सल्ला आजकाल सगळेच देतात. पोलीस देतात, बँक देते, शाळेतली मुलं घरी येऊन आईला सांगतात. मध्यंतरी कित्येक महिने कोणालाही फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची टेपच ऐकावी लागत होती. त्यामागचा हेतू चांगला होता. पण आपल्या वस्तीत हा सल्ला अर्धाच पोहोचला, आणि या अर्ध्या सल्ल्याचं नुकसान मी दवाखान्याच्या बाजूने पाहिलं आहे. म्हणून या पानावर त्याच्याविरुद्ध लिहिते आहे.

सरकारी दवाखान्यातून तुम्हाला जो फोन येतो तो कोणत्या नंबरवरून येतो, याचा विचार करा. लॅबचा टेक्निशियन, नर्सबाई, क्षयरोगाचा पर्यवेक्षक, हे सगळे बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातल्या मोबाईलवरून फोन करतात. तुमच्या पडद्यावर तो दहा आकडी अनोळखी नंबरच दिसतो. १०८ चंही तसंच आहे. तुम्ही १०८ लावता तेव्हा फोन पुण्याच्या केंद्रात जातो. तिथून गाडी ठरते आणि मग गाडीवरचे डॉक्टर किंवा चालक तुम्हाला उलटा फोन करतात, "बाई, शाळेजवळून कोणीकडे वळू?" तोही नंबर अनोळखीच असतो. तो उचलला नाही तर गाडी मुकुटबनच्या फाट्यावर उभी राहते आणि इकडे कळा सोसणारी बाई आत पडलेली असते. शाळेची शिष्यवृत्ती, घरकुलाची पाहणी, मजुरीच्या कामाचा निरोप, सगळं असंच अनोळखी नंबरावरून येतं. साहेब लोकांना दहा मार्गांनी निरोप पोहोचतो. आपल्याकडे घरटी एक फोन असतो आणि तोही कधी नवऱ्याच्या खिशात, कधी पोराच्या हातात.

एका बाईची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. नाव सांगत नाही. वय चौतीस-पस्तीस, मुकुटबनचीच. नवरा ठेकेदाराकडे गाडी भरायच्या कामावर होता. त्याच्या हाताला इजा झाली, तो घरी बसला आणि बचत गटातल्या बायांसोबत एका खाजगी कंपनीकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते थकले. मग फोन सुरू झाले. सकाळी सात वाजल्यापासून, दिवसाला पंधरा-वीस, दर वेळी वेगळ्या नंबरावरून. एकाने शिव्या दिल्या, दुसऱ्याने "तुझ्या दारात माणसं बसवतो" म्हटलं. तिने फोन मुका करून कणकेच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. पुढे माहेरच्यांनी मदत केली, कर्ज फिटलं, फोन थांबले. भेव मात्र गेलं नाही. रिंग वाजली की तिच्या हातातली चपाती तव्यावर करपायची.

त्याच सुमारास तिला तीन आठवड्यांपासून खोकला होता. थुंकी तपासायला दिली. तपासणीत क्षयरोग निघाला आणि दवाखान्याने तीनदा फोन केला. तीनही वेळा तिने उचलला नाही, एकदा तर मुलाने तिच्या सांगण्यावरून कापला. आशाताई लग्नाला बाहेरगावी गेली होती. ती परत आल्यावर घरी जाऊन सांगेपर्यंत नऊ दिवस गेले. एका खोलीचं घर, दोन लेकरं, म्हातारी सासू. नऊ दिवस ती त्याच हवेत खोकत होती.

मी तिला विचारलं, "काहून उचलला नाही?" ती म्हणाली, "मले वाटलं, तेच असन. अन तेच नसले तरी मी काय बोलू? मले बोलता कुठं येते."

या दोन वाक्यांत दोन वेगळी भेवं आहेत आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. पहिलं आहे आवाजाचं भेव. रिंग वाजली की वाईटच ऐकायला मिळणार, हे शरीराने पाठ केलेलं असतं. आपल्या वडिलधाऱ्यांना तार आली की घरात आधी रडणं सुरू व्हायचं, मजकूर नंतर वाचला जायचा. तारखातं २०१३ च्या जुलैत बंद झालं, पण ते भेव फोनवर येऊन बसलं. कोरोनाच्या काळात कित्येक घरांना माणूस गेल्याची बातमी अनोळखी नंबरानेच दिली. वर वसुलीवाले आणि आता फसवणारे. दुसरं भेव बोलण्याचं आहे. समोरचा माणूस दिसत नाही, त्याचा चेहरा वाचता येत नाही. तो पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत बोलतो, आपण "मले-तुले" बोलतो. तो हसेल, आडनाव विचारेल, आडनाव ऐकून त्याचा सूर बदलेल. हे भेव कल्पनेतलं नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तो बदललेला सूर ऐकलेला आहे.

जयभीमबद्दल जाताजाता सांगते. फोन उचलताच जयभीम म्हणावं का, असं एका ताईने मला विहारात विचारलं होतं. कामठीच्या बाबू हरदासांपासून चालत आलेला हा अभिवादनाचा शब्द आपण कोणाला घाबरून गिळायचा नाही. पण अनोळखी नंबरावर पहिली ओळख समोरच्याने द्यायची असते, आपण नाही, म्हणून तिथे मी फक्त "हॅलो" म्हणते. माणूस कोण ते कळलं की मग जयभीम. आणि एखाद्या कार्यालयातून कोणी जातीवरून बोललं, तर त्याचं नाव, तारीख, वेळ वहीत लिहा. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय क्रमांक डिसेंबर २०२१ पासून आहे.

आता भेव शरीरात कसं टिकून राहतं ते पाहू, कारण उपाय त्यातच आहे. रिंग वाजली की छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. हे जीवघेणं नसतं, धोक्यात पळायला शरीर तयार होत असतं. ही लाट चढते, काही मिनिटं राहते आणि आपण काहीच केलं नाही तरी उतरते. पण आपण तिला उतरू देत नाही. फोन कापतो किंवा पोराच्या हातात देतो, आणि क्षणात हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घातक आहे. शरीर शिकतं, की कापला म्हणून वाचलो. पुढच्या रिंगला भेव आणखी वाढतं. म्हणून "घाबरू नका" सांगून काही होत नाही. लाट चढलेली असताना तिथेच थांबून ती उतरताना पाहावी लागते, आणि हे लहान लहान पायऱ्यांनी, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

त्या बाईसोबत आम्ही काय केलं ते सांगते. क्षयाची औषधं सुरू झाली होती. संसर्गाची भीती म्हणून आम्ही सुरुवातीला अंगणात, मोकळ्या हवेत बसायचो, तिच्या तोंडाला रुमाल असायचा.

सगळ्यात आधी तिच्या फोनची रिंग बदलली. वसुलीच्या दिवसांतली धून तिच्या अंगात बसली होती. मग मी भिंतीपलीकडे जाऊन तिला फोन लावायची. तिने उचलायचा नाही, फक्त फोन हातात धरून वाजू द्यायचा. आपल्याकडे मोबाईलची रिंग साधारण तीस सेकंद वाजते, ट्रायने २०१९ मध्ये तसं ठरवलं आहे. तीस सेकंद पुष्कळ असतात. तेवढ्यात तीन संथ श्वास आरामात होतात, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. आनापान करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. रिंग वाजताच झडप घालून उचलायची घाई नाही, हे कळलं तरी निम्मं काम होतं. दर रिंगनंतर मी विचारायची, "भेव दहापैकी किती?" पहिल्या दिवशी ती नऊ म्हणाली. दहाव्या रिंगला सहा. दुसऱ्या दिवशी सुरुवातच सातला झाली, संपताना चार. हा आकडा लिहून ठेवायचा असतो. एका बैठकीत आणि दिवसागणिक तो खाली येतो आहे का, यावरच काम बरोबर चाललं आहे की नाही ते कळतं. आकडा निम्म्यावर येईपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं.

पुढची पायरी म्हणजे माझाच फोन उचलून दोन वाक्यं बोलायची. त्यानंतर वणीच्या एका ओळखीच्या ताईला सांगितलं, की दुपारी तीनला हिला फोन कर. नंबर अनोळखी, पण वेळ माहीत. मग नंबरही अनोळखी आणि वेळही अनोळखी, फक्त "आज दुपारी केव्हातरी येईल" एवढंच माहीत. ही पायरी कठीण गेली. भेव परत सातवर गेलं, तीन दिवस लागले.

आठव्या दिवशी मध्येच खरा आगाऊ फोन आला. बक्षीस लागलं म्हणून सांगणारा, आणि ही "नको" म्हणाली तेव्हा वेडंवाकडं बोलणारा. ती रडत आली, "मी म्हटलं होतं ना." अशा वेळी पुष्कळजणी सगळंच सोडून देतात. आम्ही दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरलो, पुन्हा माझ्या फोनपासून सुरू केलं आणि दोन दिवसांत होतो तिथे आलो. तो फोन आला म्हणून तिचं काही गेलं नव्हतं, हेही तिने स्वतःच मला सांगितलं.

खरंच, नुसता फोन उचलल्याने खात्यातले पैसे जात नाहीत, हे नीट समजून घ्या. पैसे जातात ते आपण ओटीपी सांगितल्यावर, पिन टाकल्यावर, त्यांनी पाठवलेलं ॲप उघडल्यावर किंवा भिऊन स्वतःच पाठवल्यावर. म्हणजे कुलूप आपल्या तोंडाला आणि बोटाला लावायचं आहे, कानाला नाही. फक्त दोन फोन न उचललेले बरे. एक, अनोळखी माणसाचा व्हिडिओ कॉल. दुसरा, नंबराच्या सुरुवातीला +91 सोडून दुसरा आकडा असलेला, जर घरातलं कोणी परदेशात नसेल तर. त्यावर उलट फोनही लावू नका. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा असतो, तो घेतला काय नि सोडला काय. बँका आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, पण गावच्या दवाखान्याचा फोन साध्याच मोबाईलवरून येणार, हे ध्यानात असू द्या.

आता बोलायचं काय. वही घ्या, पुढची वाक्यं मोठ्या अक्षरात लिहा आणि फोन जिथे चार्जिंगला लागतो तिथे भिंतीला चिकटवा. वाचता येत नसेल तर पोरांकडून ऐकून पाठ करा, आपल्या आयांनी याहून लांब वंदना पाठ केल्या आहेत. आपल्या बोलीतच लिहा. पुस्तकी वाक्य अडचणीच्या वेळी तोंडात येत नाही.

"हॅलो. कोण बोलता जी? कुठून बोलता? काय काम हाये?"

एवढं बोलून गप्प बसायचं. आपलं नाव, गाव, नवऱ्याचं नाव काही सांगायचं नाही. तो म्हणाला, "तुम्ही अमक्या बाई ना?" तर "तुमचं काम सांगा, मी ऐकते." खरा माणूस काम सांगतो. मग दुसरं वाक्य:

"थांबा, मी लिहून घेते. तुमचं नाव अन ऑफिस सांगा. मी दहा मिनिटांनी ऑफिसात विचारून पाहते."

या वाक्यातच सगळी परीक्षा आहे. दवाखान्याची नर्स म्हणेल, "हो बाई, विचारा, नाहीतर आशाताईंसोबत या." शाळेचे सर म्हणतील, "उद्या शाळेत या." फसवणारा म्हणेल, "फोन कापू नका. कापला तर खातं बंद होईल, अटक होईल, योजनेचे पैसे परत जातील. कोणाला सांगू नका." घाई आणि गुपित, या दोन गोष्टी ज्याच्या बोलण्यात आहेत तो आपला माणूस नाही. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही, मग समोरच्याच्या अंगावर खाकी असो की काळा कोट. आणि उलट विचारायचं ते त्याने दिलेल्या नंबरावर नाही. केस पेपरवरचा, पासबुकावरचा, आशाताईचा असा आपल्याजवळ आधीपासून असलेला नंबर लावायचा.

तिसरं वाक्य कापायचं आहे: "मी फोनवर नंबर सांगत नाही. कागद घेऊन येते. ठेवते." आणि ठेवायचा. आपल्या बायांना फोन ठेवणं उद्धटपणा वाटतो. समोरचा बोलतोच आहे, मध्येच कसा ठेवू? हे वाक्य बोलून झालं की ठेवणं उद्धट नाही.

त्या बाईला या तिसऱ्या वाक्याचा खरा उपयोग झाला. क्षयाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत महिन्याला पैसे मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ते पाचशेचे हजार झाले. त्यासाठी बँक खात्याची माहिती लागतेच. तिला फोन आला, "क्षयरोग विभागातून बोलतो, खाते क्रमांक सांगा." फोन खरा असेल का खोटा? तिने विचार केलाच नाही. "पासबुकाची झेरॉक्स घेऊन उद्या दवाखान्यात येते," म्हणाली. समोरचा म्हणाला, "ठीक आहे, अकराला या." फोन खरा होता. खोटा असता तरी तिचं काही गेलं नसतं. वाक्य असं हवं, की दोन्ही बाजूंनी आपण सुरक्षित.

स्वतः फोन लावणं ही दुसरी शिडी आहे आणि तिची सुरुवात माणसापासून करू नका. आधी टेपवाला नंबर लावा, जसा गॅस नोंदणीचा. तिथे हसणारं कोणी नसतं. मग ओळखीच्या किराणा दुकानात, "तूरडाळ काय भावानं?" मग दवाखान्यात, "ओपीडी किती वाजेपर्यंत हाये?" मग बँकेत. एका फोनात एकच प्रश्न. तो आधी लिहून ठेवायचा, उत्तर लिहायला पेन हातात. उत्तर कळलं नाही तर, "जरा हळू सांगा, मी लिहून घेते." हे वाक्य लाजायचं नाही, साहेब लोकही तेच करतात.

१०८ ची तालीम मात्र प्रत्यक्ष १०८ लावून करायची नाही, त्या वेळी कोणीतरी खरंच मरणाच्या दारात असतं. ही तालीम विहारात करा. पौर्णिमेला बाया जमतातच. एक बाई विहाराच्या या टोकाला, दुसरी बाहेर पिंपळाखाली, दोघींत दोन फोन. बाहेरची १०८ ची माणूस होते आणि विचारते. आतलीने या क्रमाने सांगायचं: "जिल्हा यवतमाळ, तालुका झरी जामणी, गाव मुकुटबन. बाळंतीण बाई, वय बावीस, कळा दोन तासांपासून, पहिली खेप. विहाराजवळ घर. हाच नंबर चालू राहीन." जिल्हा-तालुका आधी सांगायचं कारण, ऐकणारा पुण्यात बसला आहे, त्याला आपलं गाव माहीत नाही, आणि पैनगंगेकाठी कधी फोन तेलंगणाचा टॉवर धरतो. मग पाच मिनिटांनी तिसऱ्याच नंबरावरून "चालकाचा" फोन यायचा आणि तोही उचलायचा. आमच्याकडे पहिल्या तालमीत पाचातल्या तिघींनी चालकाचा फोन कापला. खूप हसलो. पुढल्या पौर्णिमेला एकीनेही कापला नाही.

यात काय बिघडतं? सगळ्यात जास्त बिघडतं ते लेकरांमुळे, म्हणजे त्यांच्या चांगुलपणामुळे. दहा-बारा वर्षांचं पोरगं म्हणतं, "आण आई, मी बोलतो." आईला हायसं वाटतं आणि ती तिथेच अडकते. पोराला लाऊडस्पीकर लावून शेजारी बसवा, बोलायचं आईने. आठवडाभराने पोरगं दुसऱ्या खोलीत, नंतर खेळायला. दुसरं बिघडतं रात्रभर तालीम केल्याने. उद्याच्या एका फोनसाठी मनात शंभरदा बोलून पाहणं ही तालीम नाही, ते भेवच आहे. वाक्य तीनदा मोठ्याने म्हणायचं आणि फोन लावायचा. तिसरं, एकदम मोठी पायरी. सासऱ्याने किंवा नवऱ्याने "घे, बोल आता" म्हणून चारचौघांत फोन हातात कोंबला, तर महिन्याचं काम वाया जातं.

पुरुषांचं भेव वेगळं दिसतं म्हणून ओळखू येत नाही. नवरा म्हणतो, "फालतू फोन असतात, मी उचलतच नाही." पाच-सहा अनोळखी फोन आले की चिडतो, सिम बदलतो. सिम बदललं की दवाखान्यात, रेशनमध्ये, शाळेत जुना नंबर राहतो आणि घराचा पत्ताच हरवतो. सिम बदलणाऱ्या घरात मी आधी विचारते, भाऊ, कर्ज किती आहे? कित्येकदा उत्तर तिथेच असतं.

आणि कर्जाचं असेल तर श्वास-बिस पुरे होत नाही, तिथे हक्क सांगावा लागतो. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्मकर्जाचे नियम एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणे कर्जदाराला सकाळी नऊच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, सारखे सारखे फोन करून छळता येत नाही, शिव्या-धमक्या देता येत नाहीत, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास देता येत नाही. अशा फोनसाठी वाक्य: "तुमचं नाव सांगा. आता सकाळचे सात वाजले. रिझर्व्ह बँकेच्या नियमात नवाच्या आधी फोन नाही. मी वेळ लिहून घेतली." कर्ज याने फिटत नाही, हप्ता द्यावाच लागतो. पण नाव आणि वेळ लिहिणाऱ्या बाईशी तो माणूस दुसऱ्या दिवशी वेगळ्या सुरात बोलतो, हे मी पाहिलं आहे. वहीतली ही नोंद पुढे कंपनीकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करताना कामी येते.

फसून पैसे गेलेच, तर लाजून घरात बसू नका. १९३० वर लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथे तास मोजायचे असतात, दिवस नाही.

काही जणांना ही शिडी एकट्याने चढवत नाही. दोन आठवडे रोज करूनही आकडा खाली येत नसेल, रिंग नसतानाही छाती धडधडत असेल, झोप उडाली असेल, माणसांत जाणंच बंद झालं असेल, तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. या आजारावर औषध आणि समुपदेशन दोन्ही आहे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोनच्या भेवासाठी फोनच लावा म्हणणं विचित्र वाटेल. म्हणून तो शेजारणीने लावून द्यावा आणि आपण शेजारी बसून आधी नुसतं ऐकावं. पण जगणं नको असा विचार मनात येत असेल, तर पायऱ्या, वाक्यं, सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी माणूस सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.

दवाखान्यांकडेही माझं मागणं आहे, आणि ते मी ग्रामसभेत मांडणार आहे. रुग्णाचा नमुना घेतानाच त्याला सांगावं, की फोन या नंबरावरून येईल, आणि तो नंबर केस पेपरवर लिहून द्यावा. नर्सने फोन करण्याआधी एक मेसेज टाकावा, "मुकुटबन दवाखाना, रिपोर्टबद्दल." दोनदा फोन उचलला नाही तर तिसऱ्यांदा फोन न करता त्याच दिवशी आशाताईला किंवा दुसऱ्या कोणाला घरी पाठवावं. याला खर्च नाही. आपण दवाखान्यात गेलो की आपणही विचारावं: "बाई, तुमचा नंबर काय? मी जतन करून ठेवते." मग तो नंबर अनोळखी राहतच नाही.

त्या बाईची सहा महिन्यांची औषधं पूर्ण झाली, शेवटची थुंकी तपासणी साफ आली. लेकरांची आणि सासूची तपासणी झाली, त्यांना काही निघालं नाही. तिच्या फोनमध्ये आता दवाखान्यातल्या चौघांचे नंबर आहेत. एकीचं नाव तिने "थुंकीवाली ताई" असं टाकलं आहे.